रिकाम्या गोळीचा हिशेब

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर मी बिगर-वैद्यकीय सदस्य म्हणून बसतो. डॉक्टर, औषधशास्त्रज्ञ आणि वकील यांच्याबरोबर असा एक माणूस कमिटीत असावाच लागतो, असा नियम आहे. चाचणीची जाडजूड फाइल आली की मी आधी एकच परिच्छेद शोधतो: नव्या औषधाची तुलना कशाशी करणार? उत्तर ‘प्लासिबो’ असेल, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, तर पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं. सहभागी होणाऱ्यांना एरवीही उपचार मिळालेच नसते, तेव्हा त्यांचं नुकसान होत नाही. हे वाक्य वाचायला सरळ वाटतं, पण त्यावरून जगभर जेवढा वाद झाला तेवढा चाचण्यांच्या इतिहासात थोड्याच गोष्टींवरून झाला असेल.

१९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीचा निकाल आला. एचआयव्हीची लागण असलेल्या गरोदर स्त्रियांना एझेडटी हे औषध दिल्यास बाळाला होणारी लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येत होती. उपचार मात्र लांबलचक होता. गरोदरपणात दिवसातून पाच वेळा गोळ्या, प्रसूतीच्या वेळी शिरेतून औषध, आणि जन्मानंतर बाळाला सहा आठवडे औषधाचं सरबत. शिवाय अंगावरचं दूध पाजायचं नाही. या सगळ्याचा खर्च सुमारे ८०० डॉलर होता. अमेरिकेत हा उपचार लगेच रूढ झाला. आफ्रिकेत आणि आशियात, जिथे लागण झालेल्या बहुसंख्य गरोदर स्त्रिया होत्या, तिथे तो परवडणारा नव्हता. तिथल्या अनेक जणी दवाखान्यात पहिल्यांदा यायच्या त्याच सातव्या-आठव्या महिन्यात, आणि बाळाला अंगावर पाजण्यावाचून त्यांना पर्याय नसायचा.

म्हणून प्रश्न पुढे आला की औषध थोडेच दिवस, फक्त तोंडाने दिलं तर उपयोग होईल का. प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर गरीब देशांनाच हवं होतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात बोलावलेल्या बैठकीत ठरलं की अशा छोट्या उपचारांची तुलना प्लासिबोशी करावी. १९९७ मध्ये पीटर लुरी आणि सिडनी वुल्फ या दोघा अमेरिकी डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हिशेब मांडला. विकसनशील देशांत चाललेल्या किंवा ठरलेल्या १६ चाचण्यांपैकी १५ चाचण्यांत काही किंवा सगळ्या स्त्रियांना एझेडटीसारखं कोणतंही औषध मिळणार नव्हतं. अमेरिकेतल्या चाचण्यांत मात्र ते प्रत्येकीला मिळत होतं. त्याच अंकात संपादक मार्सिया एंजल यांनी या प्रकाराची तुलना टस्कीगीशी केली. टस्कीगीत अमेरिकी सरकारने कृष्णवर्णीय पुरुषांच्या उपदंशावर वर्षानुवर्षं उपचार न करता नुसतं निरीक्षण केलं होतं.

चाचण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी बरेच दिवस नुसती सबब समजत होतो. तसं ते नाही. बँकॉकची चाचणी घ्या. अमेरिकी रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, आणि थाई आरोग्य खातं यांनी मिळून ती केली. छत्तिसाव्या आठवड्यापासून दिवसातून दोन गोळ्या आणि प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर दर तीन तासांनी एक, एवढाच उपचार होता. बाळाला औषध नव्हतं आणि सगळ्या बाळांना बाहेरचं दूध दिलं जात होतं. सुमारे ४०० स्त्रियांत औषध मिळालेल्या गटात ९.४ टक्के बाळांना लागण झाली, प्लासिबोच्या गटात १८.९ टक्के. म्हणजे धोका निम्मा झाला.

आता समजा प्लासिबोचा गटच नसता, आणि बँकॉकचे ९.४ टक्के अमेरिकेतल्या उपचाराविनाच्या २५.५ टक्क्यांशी ताडून पाहिले असते. मग औषधाने धोका ६३ टक्क्यांनी कमी केला असं वाटलं असतं, आणि ते चूक ठरलं असतं. उपचार न करताही बँकॉकमध्ये लागणीचं प्रमाण मुळातच कमी होतं. ते ठिकाणाठिकाणाला बदलतं, म्हणून दुसऱ्या देशाचा आकडा उसना घेऊन चालत नाही. उलट छोटा उपचार लांब उपचाराशी ताडला असता, तर तो कमी पडतो एवढंच कळलं असतं. ‘काहीच नाही’पेक्षा तो किती चांगला, हा आरोग्य खात्याचा खरा प्रश्न अनुत्तरितच राहिला असता. शिवाय प्लासिबोशी तुलना करताना फरक मोठा दिसतो, म्हणून कमी स्त्रिया लागतात आणि उत्तर लवकर मिळतं. युगांडाच्या एड्स संशोधन समितीच्या प्रमुखांनी अमेरिकेला कळवलं होतं की त्यांच्या देशात काय करायचं ते तिथल्याच लोकांनी ठरवायला हवं. या म्हणण्यात स्वाभिमान होता आणि तर्कही होता.

तरीही मी त्या टक्क्यांमागची बाळं मोजतो. बँकॉकमध्ये लागण झालेल्या ५५ बाळांपैकी १८ औषधाच्या गटातली होती आणि ३७ प्लासिबोच्या. दोन्ही गट जवळपास सारखे होते. वरची १९ बाळं म्हणजे त्या उत्तराची किंमत. १९९८ च्या फेब्रुवारीत निकाल जाहीर झाला आणि इतर चाचण्यांतलेही प्लासिबोचे गट थांबवण्यात आले. उत्तर खरोखर उपयोगी ठरलं. प्रश्न एवढाच राहतो, की ते याच किमतीला मिळायला हवं होतं का?

याचं उत्तर थायलंडमध्येच दुसऱ्या एका चाचणीतून मिळालं. फ्रेंच संशोधक मार्क लालेमाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १,४०० स्त्रियांत प्लासिबो न वापरता चार उपचारांची तुलना केली. प्रत्येकीला औषध मिळत होतं, फरक फक्त काळाचा होता. आईला लवकर सुरू करायचं की उशिरा, आणि बाळाला सहा आठवडे द्यायचं की तीन दिवस. मधल्या तपासणीतच दिसलं की दोन्हीकडे कमी दिवस दिलेल्या गटात १०.५ टक्के बाळांना लागण होते आहे आणि दोन्हीकडे जास्त दिवस दिलेल्या गटात ४.१ टक्के. तो कमी दिवसांचा गट ताबडतोब बंद केला गेला. आईला औषध लवकर सुरू करणं महत्त्वाचं, ही गोष्ट या चाचणीने शिकवली आणि ती पुढे उपयोगी पडली. पण तिला तिप्पट-चौपट स्त्रिया लागल्या आणि उत्तर यायला १९९९ संपलं. म्हणजे प्लासिबोवाचून चालत नव्हतं असं नाही. वेळ, पैसा आणि माणसं यांच्यात तो एक सौदा होता, आणि सौदा ठरवणारे त्या ३७ आयांपैकी कोणीच नव्हते.

म्हणूनच ‘एरवी मिळालं नसतं’ हे वाक्य मला खटकतं. पाऊस पडला नाही तशी ती नैसर्गिक गोष्ट नाही. एझेडटी थायलंडमध्ये बाजारात होतं. बहुतेकींना ते मिळत नव्हतं, कारण त्याची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती, आणि किंमत माणसं ठरवतात. चाचणीचा खर्च करणारी यंत्रणा श्रीमंत देशाची असेल, तर त्या चाचणीपुरतं तरी औषध पुरवणं तिला अशक्य नसतं. ‘स्थानिक उपचार’ हे परिस्थितीचं वर्णन म्हणून ठीक आहे. त्यालाच न्यायाचं मोजमाप केलं, तर जिथे गरिबी जास्त तिथे चाचणी स्वस्त, असं गणित उरतं. २००० मध्ये हेलसिंकी जाहीरनाम्याने नव्या उपचाराची तुलना त्या वेळच्या सर्वोत्तम उपचाराशीच व्हावी असं ठणकावलं. दोनच वर्षांत त्याला पुरवणी जोडावी लागली: शास्त्रीय कारण सबळ असेल तर प्लासिबो चालेल. २००८ च्या मजकुरात त्यावर आणखी एक अट आली, की सहभागी व्यक्तीला गंभीर किंवा कायमच्या हानीचा धोका नसावा. ही अट लावली तर बँकॉकची चाचणी बसत नाही. लागण झालेल्या बाळाची हानी कायमचीच होती.

पण ही अट लावूनही सगळं सुटत नाही, हे पुण्याजवळच्याच उदाहरणावरून दिसतं. २०११ मध्ये रोटाव्हायरसच्या देशी लशीची, रोटावॅकची, चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू इथे सुरू झाली. त्यात ६,७९९ बाळं होती, त्यांतला तिसरा हिस्सा प्लासिबोच्या गटात. परदेशी लशी तेव्हा भारतात मिळत होत्या. रोटाव्हायरसची लस सगळ्या देशांनी द्यावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच केली होती. मग प्लासिबो कशाला, असा आक्षेप घेतला गेला आणि तो योग्यच होता. समर्थन असं, की त्या लशी सरकारी लसीकरणात नव्हत्या, आणि गरीब देशांत त्यांचा परिणाम श्रीमंत देशांपेक्षा बराच कमी दिसला होता. निकालात लस घेतलेल्या दुपटीने मोठ्या गटात तीव्र जुलाबाची ७१ प्रकरणं आढळली आणि प्लासिबोच्या गटात ७६. परिणामकारकता सुमारे ५४ टक्के. प्लासिबोच्या बाळांवर बारीक लक्ष होतं आणि आजारी पडल्यावर उपचार होत होते. रोटाव्हायरसचे जुलाब जिवावर बेतू शकतात, पण वेळेवर क्षारसंजीवनी आणि सलाइन मिळालं तर बाळ पूर्ण बरं होतं. एचआयव्हीत असं काही नसतं. ही लस एका डोसला सुमारे एक डॉलर या दराने आली आणि २०१६ पासून सार्वत्रिक लसीकरणात दाखल झाली. म्हणजे ज्या समाजातल्या बाळांनी धोका पत्करला, त्याच समाजाच्या पदरात लस पडली.

हा फरक मला निर्णायक वाटतो, पण पुरेसा नाही. वढूच्या बाळांच्या वाट्याला आलेला धोका त्यांच्या आईबापांना नीट कळला होता का, हे वेगळं तपासावं लागतं. आफ्रिकेतल्या आबिदजानमधल्या एझेडटीच्या चाचणीबद्दल १९९७ मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं, की सही केलेल्या काही स्त्रियांना आपल्याला बिनऔषधाची गोळी मिळू शकते हे उमगलंच नव्हतं. डॉक्टर देतात म्हणजे औषधच, हा समज कागदाने जात नाही. भारतात काही चाचण्यांत संमतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, आणि आधी उपलब्ध असलेला उपचार प्लासिबोच्या गटाला न दिल्यामुळे इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे. दोन्ही चांगलं आहे. पण भरपाई ही इजा झाल्यानंतरची, आणि नियमातल्या ‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ पुन्हा किमतीवरच येऊन थांबतो.

त्यामुळे बैठकीत मी तीन गोष्टी लेखी मागतो. या प्रश्नाचं उत्तर प्लासिबोशिवाय मिळवायला किती माणसं आणि किती वेळ जादा लागेल, याचा आकडा. प्लासिबोच्या गटात इजा झाली तर ती भरून निघण्यासारखी आहे का, याचं रोगाच्या स्वरूपावर आधारलेलं उत्तर. आणि औषध यशस्वी ठरलं तर ते याच भागातल्या लोकांना कोण, कोणत्या किमतीला आणि किती दिवसांत देणार, याची सहीनिशी हमी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं संशोधक बहुतेक वेळा चांगली देतात. तिसऱ्याला ‘प्रयत्न केले जातील’ असं उत्तर येतं. ते मी मंजूर करत नाही. कमिटीतले इतर सदस्य कधी मला बहुमताने हरवतात, आणि तेव्हा माझा विरोध इतिवृत्तात नोंदवला जातो. कायद्याच्या दृष्टीने त्याला फार किंमत नसेल, पण पुढच्या वेळी ती फाइल उघडणाऱ्याला किमान कळेल की हिशेब कुठे अपुरा होता.