छेदात कोणत्या ऑर्डरी धरल्या?

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबकचे साहित्य ठेवणारी अनेक गोदामे आहेत. भवरलाल जैन यांनी 1986 मध्ये जैन इरिगेशनची स्थापना केली आणि नंतरच्या काळात या शहराभोवती नळ्या, फिटिंग आणि त्यांचे विक्रेते यांचे मोठे जाळे उभे राहिले. यातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या गोदामाचा विचार करू. दर शनिवारी संध्याकाळी तिथे आठवड्याच्या डिस्पॅचचा एक कागद तयार होतो. सहसा त्यावर किती गाड्या गेल्या, किती टन माल गेला आणि किती रुपयांची बिले झाली, एवढेच असते. या तीनही आकड्यांतून काय गेले ते कळते. काय जायला हवे होते, ते मात्र एकातूनही कळत नाही.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा घ्या. पूर्वहंगामी बागायती कापसाची तयारी चाललेली असते. चोपडा, शिरपूर, शहादा भागातले विक्रेते शेतकऱ्यांच्या नावावर ऑर्डरी टाकतात. एक एकर कापूस, दोन ओळींत पाच फूट अंतर धरले तर साधारण 2,650 मीटर लॅटरल लागते. एकर चौरस असेल आणि सबमेन एका कडेला असेल तर सुमारे 42 ओळी होतात. म्हणजे तितकेच ग्रोमेट, तितकेच टेकऑफ आणि शेवटाला तितक्याच एंड कॅप. शिवाय फिल्टर, व्हॉल्व्ह आणि पीव्हीसी पाइप. वजन आणि जागा दोन्ही लॅटरल आणि पाइप खातात. फिल्टर एका खोक्यात मावतो, पण फिल्टर आला नाही तर सगळ्या नळ्या बांधावर पडून राहतात, कारण विहिरीचे गाळमिश्रित पाणी तसेच सोडले तर ड्रिपर बुजतात.

आता समजा, या आठवड्यात द्यायच्या ठरलेल्या ऑर्डरी 60 आणि त्यांत मिळून 480 ओळी, म्हणजे प्रत्येक ऑर्डरीत सरासरी आठ वस्तू. मागणी 50 टनांची होती आणि आठवड्याअखेर 49 टन माल बाहेर पडला. टनावर मोजले तर काम 98 टक्के. 480 पैकी 465 ओळी पूर्ण गेल्या, म्हणून ओळींवर मोजले तर 97 टक्के. ठरलेल्या दिवशी 54 ऑर्डरींची गाडी निघाली, म्हणजे 90 टक्के. पण त्या 54 पैकी 12 ऑर्डरींत काही ना काही राहिले होते. कुठे फिल्टर, कुठे ग्रोमेटची पिशवी. उरलेल्या सहा ऑर्डरी पूर्ण गेल्या, पण उशिरा. ठरलेल्या दिवशी आणि पूर्ण गेलेल्या ऑर्डरी 42. म्हणजे 70 टक्के.

हे चारही आकडे खरे आहेत आणि एकाच आठवड्याचे आहेत. माझ्या मते अहवालाच्या पहिल्या ओळीवर चौथाच आकडा यायला हवा, कारण विक्रेत्याला फोन येतो तो शेतकऱ्याचा, आणि शेतकऱ्याला किती टन माल निघाला याच्याशी काही देणे-घेणे नसते. इथे टनांची दुसरीही अडचण आहे. लॅटरलची बंडले जागा फार खातात, त्यामुळे गाडी वजनाने भरण्याआधीच ताडपत्रीला टेकते. म्हणून गाडी किती भरली हे वजनाने मोजणारा निर्देशक डाळीच्या पोत्यांना किंवा तेलाच्या डब्यांना चालतो, नळ्यांना चालत नाही.

सूत्र तसे साधे आहे. ज्यांची मूळ कबूल तारीख या आठवड्यात येते अशा सगळ्या ऑर्डरी छेदात, आणि त्यांतल्या ज्या त्या तारखेपर्यंत सगळ्या ओळींसह फाटकाबाहेर गेल्या त्या अंशात. एक्सेलमध्ये B स्तंभात मूळ तारीख, C मध्ये शेवटचा माल फाटकाबाहेर गेल्याची वेळ, D मध्ये मागितलेल्या ओळी आणि E मध्ये पूर्ण दिलेल्या ओळी ठेवल्या, आणि आठवड्याची सुरुवात व शेवट J1 आणि J2 मध्ये लिहिले, तर पहिले सूत्र प्रत्येक ऑर्डरीपुढे F स्तंभात बसते आणि दुसरे एकदाच लागते:

```
=IF(AND(C2<>"",INT(C2)<=B2,E2=D2),1,0)

=SUMIFS(F:F,B:B,">="&$J$1,B:B,"<="&$J$2)
 /COUNTIFS(B:B,">="&$J$1,B:B,"<="&$J$2)
```

यात लक्ष द्यायचे ते C रिकामा असलेल्या ऑर्डरींकडे. त्या गेल्याच नाहीत, म्हणून अंशात येत नाहीत, पण छेदात राहतात. अनेक गोदामांत टक्केवारी गेलेल्या ऑर्डरींवरच काढली जाते, कारण बिलांची यादी सहज हाताशी असते. तसे केले की सगळ्यात वाईट ऑर्डर, जी अजून निघालेलीच नाही, ती हिशेबातून गळते आणि आकडा सुधारतो.

आकडा असाच आणखी दोन वाटांनी सुधारतो. एक म्हणजे तारीख पुढे ढकलणे. माल नाही असे दिसले की सिस्टीममध्ये गुरुवारची तारीख सोमवारची केली जाते आणि सोमवारी ऑर्डर वेळेवर ठरते. यावर उपाय एकच. पहिली कबूल तारीख ऑर्डर नोंदवताना गोठवायची आणि सुधारित तारखेला वेगळा स्तंभ द्यायचा. विक्रेत्याने स्वतःच ‘भाऊ, दुकानात जागा नाही, बुधवारनंतर पाठवा’ असे कळवले असेल तरच मूळ तारीख बदलायची आणि कोणी, कधी कळवले ते शेजारी लिहायचे. दुसरी वाट म्हणजे ऑर्डर तोडणे. आहे तेवढ्या मालाची ऑर्डर पूर्ण म्हणून बंद करायची आणि राहिलेल्या फिल्टरची नवी ऑर्डर काढायची. मग एका अपुऱ्या ऑर्डरीच्या जागी दोन पूर्ण ऑर्डरी दिसतात. राहिलेला माल मूळ ऑर्डर क्रमांकावरच जायला हवा.

घड्याळ कोणते धरायचे हाही प्रश्न आहे. बिलाची वेळ सोयीची असते, पण शनिवारी रात्री बिल फाडून गाडी सोमवारी सोडण्याची सवय कुणाला माहीत नाही? ई-वे बिल लागणाऱ्या मालात हे फार काळ लपत नाही. भाग ब मध्ये गाडीचा नंबर भरला की मुदत सुरू होते. 1 जानेवारी 2021 पासून साध्या मालवाहतुकीला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्री संपतो. जळगाव ते धुळे हे अंतर 200 किलोमीटरच्या आतच आहे. म्हणजे शनिवारी संध्याकाळी भाग ब भरून सोमवारी गाडी काढली तर ते बिल रविवारी मध्यरात्रीच संपलेले असेल. ज्या गोदामात शनिवारची बिले खूप आणि भाग ब सोमवारचे असतील, तिथे बिलाच्या वेळेवर काढलेला अहवाल फसवा आहे हे ओळखावे. वॉचमनच्या गेट रजिस्टरमधली बाहेर पडण्याची वेळ हीच खरी.

एवढे सगळे नीट केले तरी या निर्देशकात एक खोल दोष उरतो. ऑर्डरीची तारीख एकदा चुकली की ती ऑर्डर कायमची हुकली. ती उद्या गेली काय किंवा तीन आठवड्यांनी गेली काय, टक्केवारीत काहीच बदलत नाही. साहजिकच गोदाम व्यवस्थापक हातात आलेला फिल्टर आजच्या तारखेच्या ऑर्डरीला देईल, कारण तिथे अजून गुण मिळवता येतात. आठ दिवस वाट पाहणारा शेतकरी आणखी मागे पडेल. यात व्यवस्थापक लबाड असतो असे नाही. सूत्रच त्याला तसे करायला सांगते. म्हणून या टक्केवारीच्या शेजारी दुसरा आकडा असलाच पाहिजे: शनिवारी रात्री मूळ तारीख उलटलेल्या, पण पूर्ण न झालेल्या ऑर्डरी किती, आणि त्यांतली सगळ्यात जुनी किती दिवसांची. टक्केवारी वाढतेय आणि सगळ्यात जुन्या ऑर्डरीचे वयही वाढतेय असे दिसले, तर नव्यांना जुन्यांच्या तोंडचे दिले जात आहे.

तिसरा आकडा गाडीच्या वेळेचा. फाटकात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती तास लागले? सात गाड्यांना 2, 2, 2.5, 3, 3, 3.5 आणि 12 तास लागले असतील तर सरासरी चार तास येते, पण सातपैकी सहा गाड्या चार तासांच्या आत सुटलेल्या असतात. इथे मधला आकडा, म्हणजे तीन, लिहावा आणि सोबत सर्वांत मोठा, म्हणजे बारा, तोही लिहावा. बारा तासांच्या त्या गाडीचे तुकडे करून पाहावेत: भराई सुरू होईपर्यंत किती, भराईला किती, आणि भराई संपल्यावर कागदांसाठी किती. दोष बहुतेक वेळा पहिल्या किंवा तिसऱ्या तुकड्यात सापडतो, तरी ठपका मधल्यावर, म्हणजे हमालांवर येतो. जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडखाली दुपारी भराई थांबते आणि ती थांबलीच पाहिजे. म्हणून दर तासाला दर माणशी किती माल भरला, असा निर्देशक मी उन्हाळ्याच्या अहवालात कधीही ठेवणार नाही. दुपारची सुट्टी गृहीत धरून गाड्यांना सकाळची आणि संध्याकाळची वेळ द्यावी.

आता धुळे. सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे जळगावच्या कंपनीचा डेपो धुळ्यात असणे स्वाभाविक आहे. समजा, त्या डेपोतून मोठे विक्रेते नुसते पाइप आणि लॅटरल नेतात, म्हणजे ऑर्डरीत सरासरी दोनच ओळी. धुळ्याचा आकडा 94 आणि जळगावचा 70 पाहून मुख्य कार्यालय जळगावच्या व्यवस्थापकाला जाब विचारते. पण दोन्हीकडे प्रत्येक ओळ पूर्ण जाण्याचे प्रमाण 97 टक्केच असले, तरी दोन ओळींची ऑर्डर पूर्ण जाण्याची शक्यता 0.97 चा वर्ग, म्हणजे 94 टक्के, आणि आठ ओळींच्या ऑर्डरीची 0.97 चा आठवा घात, म्हणजे सुमारे 78 टक्के. आपल्या उदाहरणात 60 पैकी 48 ऑर्डरी पूर्ण होत्या, म्हणजे 80 टक्के, ते याच्या जवळच आहे. हात तितकेच चोख असून एवढा फरक केवळ ऑर्डरीच्या लांबीचा आहे. जळगावचा उरलेला फरक त्या सहा उशिरांचा, आणि जाब विचारायचा असेल तर त्यांच्याविषयी विचारावा. दोन गोदामे एकमेकांशी तोलू नयेत, प्रत्येकाला त्याच्याच मागच्या आठवड्यांशी तोलावे. जळगावहून धुळ्याचा डेपो भरायला गेलेला मालही ग्राहकाच्या ऑर्डरींत मिसळू नये.

मागच्या आठवड्यांशी तोलतानाही सबुरी लागते. 60 ऑर्डरींच्या आठवड्यात 70 चे 75 झाले म्हणजे फक्त तीन ऑर्डरी वाढल्या. काहीही न बदलता पाच-सहा अंक निव्वळ योगायोगाने वरखाली होतात. अशा चढउताराचे कारण दर सोमवारच्या बैठकीत शोधायला लागले की माणसे कारणे बनवायला शिकतात. सलग पाच-सहा आठवडे एकाच दिशेने गेले तर चौकशी करावी.

आणि हा अहवाल बनवणाऱ्यांना एक विनंती. सूत्र बदलावेच लागले तर ज्या तारखेपासून बदलले ती कागदावर लिहा, आणि मागचे किमान आठ आठवडे नव्या सूत्राने पुन्हा काढून त्याच तक्त्यात ठेवा.