आंब्याचे पैसे कोणत्या स्लाइडवर?

कोकणातले शिकलेले तरुण नोकरी सोडून गावी येतात, वडिलांच्या कलमांचा आंबा डब्यात भरून विकायचे ठरवतात आणि गुंतवणूकदारासमोर जाण्यासाठी दहा-बारा स्लाइडचे एक सादरीकरण तयार करतात. अशी सादरीकरणे वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यांचा क्रम ठरलेला असतो: समस्या, उपाय, बाजारपेठेचा आकार, उत्पादन, स्पर्धक, कमाईची रीत, आमची माणसे, पुढच्या पाच वर्षांचे आकडे आणि शेवटी मागणी. हा क्रम अमेरिकेतल्या भांडवलदार कंपन्यांनी रूढ केला. दहा स्लाइड, वीस मिनिटे आणि तीस पॉइंटची अक्षरे, हा गाय कावासाकी यांचा नियम तर आता आपल्याकडच्या तालुक्याच्या उद्योजकता शिबिरातही सांगतात. नियमात वाईट काही नाही. पण तो ज्या धंद्यांसाठी बनला, त्यांत कच्चा माल नावाची वस्तू जवळजवळ नसते. संगणकाच्या प्रणालीची हजारावी प्रत काढायला पहिलीइतका खर्च येत नाही. हापूसचा हजारावा डबा भरायला मात्र पहिल्या डब्याइतकाच आंबा लागतो, आणि तो आंबा मे महिन्यातच घ्यावा लागतो.

या सादरीकरणांत ‘मे महिन्याचे पैसे’ अशी स्लाइड नसते. माझ्या मते ती पहिली हवी. बाकीची मांडणी तिच्यावरून ठरावी.

समजा, राजापूर-लांज्याच्या बाजूला एक लहान कॅनिंग युनिट आहे. हंगामात ते शंभर टन आंबा घेते. पेटीत न बसणारा, डागी, लहान-मोठा, पण चवीला पक्का असा हा माल. त्याचा भाव दर वर्षी आणि दर आठवड्याला बदलतो. आपण हिशेबापुरता किलोला ३५ रुपये धरू. आंबा अढीत किंवा इथिलीनच्या खोलीत पिकवायचा, धुवायचा, देठाकडून कापून पल्परमधून काढायचा, रस ९० अंशांच्या पुढे तापवून गरमच डब्यात भरायचा, डबा सील करून उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि लगेच गार करायचा. रस आंबट असल्यामुळे, म्हणजे त्याचा पीएच साडेचारच्या खाली असल्यामुळे, एवढी उष्णता पुरते. मटार-भाजीसारखे दाबाखाली शिजवावे लागत नाही. साल, कोय आणि वाया जाणारा भाग वगळता निम्मा रस हाती येतो असे धरले, तर शंभर टनांतून पन्नास टन रस, म्हणजे ८५० ग्रॅमचे सुमारे ५८,८०० डबे होतात.

आंब्याला ३५ लाख गेले. रिकामा डबा पंचवीस रुपयांना धरला तर डब्यांना पावणेपंधरा लाख. हंगामी मजुरी, लाकूड किंवा गॅस, खोकी यांना आठ लाख. जूनच्या पहिल्या पावसाआधी असे सुमारे ५८ लाख रुपये खर्च झालेले असतात आणि विक्री अजून शून्य असते. डबा वितरकाला १३५ रुपयांना जातो असे धरू. वर्षाची विक्री ७९ लाखांच्या आसपास भरते. पण ती वर्षभर विखुरलेली असते, महिन्याला साडेसहा लाखांची. जुलैत माल उचलणारा वितरक दोन महिन्यांनी, सप्टेंबरात पैसे देतो. (सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, आणि न दिल्यास खरेदीदाराला प्राप्तिकरात तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही अशी तरतूदही अलीकडे झाली आहे. तरी नव्या ब्रँडचा मालक एकुलत्या एका मोठ्या वितरकाला कायदा दाखवायला सहसा धजावत नाही.) शेवटचे डबे जूनमध्ये संपतात आणि त्यांचे पैसे ऑगस्टमध्ये येतात. म्हणजे एप्रिलमध्ये नवा आंबा दारात येतो, तेव्हा जुन्या डब्यांची पाच महिन्यांची वसुली अजून बाकी असते.

हे चित्र बारा रकान्यांच्या एका तक्त्यात मावते. प्रत्येक महिन्यात आत काय आले, बाहेर काय गेले आणि खाली किती तूट राहिली, एवढेच. पाच वर्षांचा वर जाणारा आलेख दाखवण्याऐवजी हा तक्ता दाखवावा, कारण याच्यावरून दोन गोष्टी लगेच कळतात. पहिली, रुपया सरासरी साडेनऊ महिने अडकतो. ११ टक्के व्याजाने त्याचे वर्षाला सुमारे पाच लाख होतात. दुसरी, हंगामी खर्च वगळून उरणाऱ्या पावणेबावीस लाखांतून हे पाच लाख आणि वर्षभराचे पगार, वीज, वाहतूक, जाहिरात यांचे दहा लाख काढले, तर हातात पावणेसात लाखांच्या आसपास राहतात.

आता साका. हापूसचा हा दोष बाहेरून दिसत नाही. फळ पिवळेधमक, वासाला उत्तम आणि कापल्यावर आत कोयीजवळ फिकट, स्पंजासारखा आंबट गर. तो काढून टाकावा लागतो. साका जास्त निघालेल्या वर्षी रसाचे प्रमाण पन्नासावरून पंचेचाळीस टक्क्यांवर आले असे धरा. ऐकायला पाच टक्के. प्रत्यक्षात डबे ५८,८०० वरून ५२,९०० वर येतात. आंब्याचे पैसे तेवढेच गेलेले, मजुरीही जवळपास तेवढीच. वाचतात ते फक्त रिकामे डबे. फटका बसतो सुमारे साडेसहा लाखांचा, म्हणजे वर्षाचा जवळजवळ सगळा नफा. म्हणून ‘जोखीम’ या स्लाइडवर ‘हवामान बदल’ आणि ‘वाढती स्पर्धा’ असे शब्द लिहिणाऱ्याला मी विचारेन, की गेल्या हंगामात रोजच्या रोज किती किलो आंब्यातून किती किलो रस निघाला, त्याची वही आहे का? असेल तर त्या वहीचे एक पान हीच जोखमीची स्लाइड. तिच्याशेजारी दुसरी नोंद हवी: प्रत्येक दिवसाच्या भरणीतले काही डबे ३७ अंशांवर दोन आठवडे ठेवून किती फुगले. फुगलेला डबा बहुतेकदा सीलची कड नीट बसली नाही किंवा उष्णता कमी पडली असे सांगतो, आणि ते गोदामात कळले तर त्या दिवसाचा माल अडवता येतो. दुकानात कळले तर ब्रँड जातो.

एवढे समोर ठेवल्यावर मागणीची स्लाइड बदलते. नेहमीच्या सादरीकरणात ‘एक कोटी हवेत’ असे लिहून खाली एक गोल तक्ता असतो: यंत्रे ४०, खेळते भांडवल ६०. हे साठ लाख म्हणजे आंबाच. भागभांडवलाने आंबा विकत घ्यायचा का, हा या धंद्याचा खरा प्रश्न आहे. ज्या गरजेचे पैसे वर्षभरात परत फिरतात, तिच्यासाठी कंपनीचा तुकडा कायमचा देणे मला पटत नाही. गुंतवणूकदारालाही ते परवडत नाही. व्याज नसते तर नफा पावणेबारा लाख झाला असता. साठ लाखांच्या बदल्यात त्याला सहावा हिस्सा दिला, तर त्याच्या वाट्याला वर्षाला दोन लाखांच्या आत येतात. बँकेच्या ठेवीतही याहून जास्त मिळते. म्हणून तो एक तर निम्मी कंपनी मागतो, किंवा तिसऱ्या वर्षी तीनशे टनांचे वचन मागतो. वचन दिले की उद्योजक मेच्या शेवटी मिळेल त्या भावाने आंबा उचलतो, पावसात भिजलेलाही घेतो, आणि मग फुगलेले डबे मोजत बसतो.

यावर तरुण उद्योजकाचे उत्तर असते, की बँक तरी कुठे देते? ते खोटे नाही. १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशीतून आलेले एक सूत्र लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी आजही वापरतात: अंदाजित वार्षिक उलाढालीच्या वीस टक्के बँकेने द्यावेत, पाच टक्के मालकाने घालावेत. आपल्या युनिटला या सूत्राने सोळा लाखांच्या आत मर्यादा मिळते आणि गरज आहे ५८ लाखांची. सूत्रात चूक नाही. पैसा वर्षात चार वेळा फिरतो असे गृहीत धरून ते बांधले आहे, आणि कॅनिंगवाल्याचा पैसा एकदाच फिरतो. साखर-चहासारख्या हंगामी उद्योगांसाठी बँका महिनावार रोख अंदाजपत्रकावरून मर्यादा ठरवतात. तीच पद्धत मागायची, तर शाखाधिकाऱ्यापुढे तोच बारा रकान्यांचा तक्ता ठेवावा लागतो. गुंतवणूकदारासाठी केलेली स्लाइड इथे जशीच्या तशी चालते. बाजारपेठेच्या आकाराची स्लाइड बँकेत कोणी बघत नाही.

यंत्रांचे चाळीस लाख वेगळे. ते मुदत कर्जातून. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, जी २०२० मध्ये सुरू झाली, प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, पण जास्तीत जास्त दहा लाख अनुदान आहे. बरेच जण हे दहा लाख पहिल्या वर्षीच जमा बाजूला धरतात. ते चुकते. रक्कम कर्जखात्याशी जोडून ठेवली जाते आणि कर्ज नियमित व युनिट चालू असेल तर तीन वर्षांनी वळती होते. मेच्या आंब्याला तिचा उपयोग नाही.

यात आणखी एक गोष्ट येते, जी कोकणातला प्रत्येक कॅनिंगवाला जाणतो आणि सादरीकरणात कमीपणा वाटून लपवतो. बागायतदार स्वतःचा आंबा घेऊन येतात, डब्यामागे ठरलेले पैसे देऊन भरून घेतात आणि आपले डबे घेऊन जातात. क्षमतेचा एक तृतीयांश भाग असा दुसऱ्यांच्या आंब्याला दिला, तर स्वतःची खरेदी ६७ टनांवर येते, हंगामात लागणारी रक्कम ५८ वरून चाळीस लाखांच्या आत उतरते, आणि त्या तिसऱ्या हिश्शातला साका बागायतदाराचा. डब्यामागे नफा कमी, पण पैसा डबे उचलतानाच मिळतो. गुंतवणूकदाराला यात ‘ब्रँड’ दिसत नाही, हे खरे. त्याला ही ओळ ‘कमाईची रीत’ या स्लाइडवर सर्वांत वर दाखवावी, आणि तो नाक मुरडतो का ते पाहावे.

मग मागणी अशी लिहिता येते. यंत्रांसाठी मुदत कर्ज, त्यातला दहावा भाग मालकाचा. चाळीस लाखांच्या साठ्यावर बँकेची हंगामी मर्यादा. बँक साठ्याच्या किमतीचा साधारण चतुर्थांश मालकाने घालावा असे धरते, तो दहा लाख. साक्याचे एक वाईट वर्ष सोसायला पाच लाख. भागभांडवल फक्त या दोन रकमांचे, पंधरा लाख. एवढ्या रकमेसाठी मुंबई-पुण्याच्या निधींकडे जायची गरज उरत नाही. दर वर्षी दोनशे-तीनशे डबे उचलणारा पुण्याचा मिठाईवाला, आइस्क्रीमसाठी रस घेणारा सांगलीचा कारखानदार, किंवा गावातलाच चार बागांचा मालक यांच्यापुढेही हेच सादरीकरण ठेवता येईल. ते पहिल्यांदा डबा उघडून चव घेतील, मग भाव विचारतील, आणि तिसरा प्रश्न गेल्या वर्षी किती डबे फुगले हा असेल.