अंश मोजले, छेदाचे काय?

येडशीहून पश्चिमेला निघाले की तासाभराच्या आत बार्शी येते. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करुग्णालयात १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात येतात. कर्मचारी गावोगाव जाऊन रुग्ण शोधतात आणि नोंदवतात. हा पाया आधीच तयार होता, म्हणूनच १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जगभर गाजलेली चाचणी उभी राहू शकली. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायका तिच्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून त्यांची चार भागांत विभागणी केली होती. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात फक्त नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी एकदाच झाली आणि पुढे आठ वर्षे पाठपुरावा झाला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत जास्त उद्धृत होणारे आकडे दोन आहेत. एचपीव्ही तपासणीच्या भागात या कर्करोगाने ३४ बायका दगावल्या आणि तपासणी नसलेल्या भागात ६४. चौथ्या भागाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्या ६४ जणी गेल्या त्यांच्यामुळे जे कळले, ते नीट समजून घेणे हे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

३४ भागिले ६४ केले तर ०.५३ येते. हा भागाकार अपुरा आहे, कारण दोन्ही भागांत बायकांची संख्या सारखी नव्हती. एचपीव्हीच्या भागात ३४,१२६ होत्या, तपासणी नसलेल्या भागात ३१,४८८. शिवाय प्रत्येक जण पूर्ण आठ वर्षे नजरेखाली राहिली असे नाही. कोणी दुसऱ्या आजाराने गेली, कोणी गाव सोडले. म्हणून प्रत्येकीचा प्रत्यक्ष पाठपुराव्यातला काळ मोजून बेरीज करतात. पाच वर्षे राहिलेली बाई पाच व्यक्ती-वर्षे देते, आठ वर्षे राहिलेली आठ. प्रसिद्ध झालेल्या दरांवरून उलटे गणित केले तर पहिल्या भागात सुमारे २,६८,००० व्यक्ती-वर्षे निघतात आणि दुसऱ्यात सुमारे २,४८,०००. म्हणजे मृत्युदर लाख व्यक्ती-वर्षांमागे १२.७ आणि २५.८ झाला. या दोन दरांचे गुणोत्तर ०.४९ येते, म्हणजे मृत्युदर जवळपास निम्मा झाला.

हेच गणित पॉयसन रिग्रेशनमध्ये मांडता येते. जिथे आपण घटना मोजतो, म्हणजे ० मृत्यू, १ मृत्यू, २ मृत्यू असे पूर्णांक येतात आणि घटना विरळ असते, तिथे ही पद्धत चपखल बसते. अपेक्षित संख्येचा लॉग घ्यायचा आणि तो कशाकशाने बदलतो ते पाहायचे. व्यक्ती-वर्षांचा लॉग समीकरणात घालायचा तो ऑफसेट म्हणून. त्याचा गुणक संगणकाला शोधू द्यायचा नाही, तो १ वर बांधून ठेवायचा. याचा अर्थ असा की काळ दुप्पट झाला तर घटनाही दुप्पट अपेक्षित आहेत, हे आपण आधीच मान्य केलेले असते. उरलेला फरक दरातला असतो. R मध्ये ही एक ओळ आहे:

```
glm(deaths ~ arm + offset(log(py)), family = poisson, data = d)
```

तपासणी नसलेला भाग पायाभूत धरला तर वरच्या आकड्यांवर स्थिरांक −८.२६ येतो आणि एचपीव्ही भागाचा गुणक −०.७१. त्यांचा घातांक काढला की पहिल्यातून लाखामागे २५.८ हा दर मिळतो आणि दुसऱ्यातून ०.४९ हे गुणोत्तर. इथे एक चूक वारंवार होते: ऑफसेटमध्ये log(py) ऐवजी नुसते py लिहिले जाते. अशी चूक झाली की स्थिरांकाचा घातांक काढून येणारा दर हाताने केलेल्या भागाकाराशी जुळत नाही. म्हणून हा एक भागाकार हाताने करून पाहण्याची सवय मी प्रत्येकाला सांगतो.

मूळ लेखातले गुणोत्तर ०.५२ आहे, कारण तिथे कॉक्सची पद्धत वापरली होती आणि गावांच्या गटांचाही हिशेब धरला होता. नुसत्या ३४ भागिले ६४ शी ते जवळचे दिसते, पण तो योगायोग आहे. महत्त्वाचा फरक मर्यादांमध्ये आहे. पॉयसनच्या गृहीतकात सरासरी आणि विचरण सारखेच असतात. अपेक्षा ६४ ची असेल तर वर्गमुळाइतका, म्हणजे ८ चा चढउतार निव्वळ योगायोगाने होऊ शकतो. या हिशेबाने ०.४९ च्या ९५ टक्के मर्यादा ०.३२ ते ०.७५ येतात. प्रसिद्ध झालेल्या मर्यादा मात्र ०.३३ ते ०.८३ आहेत. एका गटातली गावे एकमेकांसारखी असतात. तीच वाट, तेच आरोग्य केंद्र, डॉक्टरकडे जाण्यातली तीच दिरंगाई. त्यामुळे तिथल्या घटना एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात आणि चढउतार पॉयसनच्या अपेक्षेपेक्षा मोठा होतो. दोन्ही मर्यादांची लॉगवरची रुंदी ताडून पाहिली तर विचरण सुमारे सव्वापट भरते. इथे सव्वापटच आहे. साथीच्या आजारात ते पाचपट, दहापटही होते, आणि तिथे साधे पॉयसन वापरणारा नसलेल्या फरकाला ठाम फरक म्हणून बसतो.

याच चाचणीत अंशाबद्दलही एक धडा आहे. एचपीव्ही भागात एकूण १२७ कर्करोग सापडले आणि तपासणी नसलेल्या भागात ११८. दर काढले तर ४७.४ आणि ४७.६, म्हणजे फरक नाहीच. एवढेच पाहून थांबणारा तपासणी फुकट गेली म्हणेल. पण पसरलेल्या अवस्थेतले कर्करोग पहिल्या भागात ३९ होते आणि दुसऱ्यात ८२. तपासणीमुळे एरवी दडून राहिले असते असे लवकरचे रुग्णही मोजणीत आले. जिथे शोध वाढतो तिथे रुग्ण वाढलेले दिसतात, आणि ही वाढ कोणताही ऑफसेट दुरुस्त करत नाही.

आता चाचणी बाजूला ठेवू आणि जिल्ह्यातल्या रोजच्या सर्वेक्षणाकडे येऊ, कारण माझा खरा आग्रह तिथे आहे. हिवताप, डेंगी, अतिसार यांचे आकडे आरोग्य केंद्रांकडून नियमित वर जातात. ते अंश असतात. छेद म्हणून बहुधा जनगणनेवरून पुढे ढकललेली लोकसंख्या घेतली जाते आणि ती वर्षभर एकच राहते. पण या भागातली माणसे वर्षभर एका जागी नसतात. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक असे करत चार-पाच महिने बाहेर राहतात, आणि लेकरेही बरोबर असतात.

एक काल्पनिक गाव घेऊ. वस्ती ३,०००, त्यातले ६०० ऊसतोडीला जातात. ऑगस्टमध्ये अतिसाराचे १५ रुग्ण आणि डिसेंबरमध्ये १२. छेद ३,००० च ठेवला तर गुणोत्तर ०.८ येते, आणि अहवालात अतिसार २० टक्क्यांनी घटला असे लिहिले जाते. डिसेंबरचा छेद खरा २,४०० आहे. १२ भागिले २,४०० म्हणजे हजारी ५, आणि ऑगस्टचा दरही हजारी ५ च. घट झालेलीच नाही. उलट त्याच महिन्यात कारखान्याच्या परिसरात ही माणसे आजारी पडली तर तिथल्या अंशात येतात, पण तिथल्या छेदात नसतात, आणि तिथे साथ असल्याचा भास होतो. उपाय साधा आहे. ऑफसेट वर्षाचा न घेता महिन्याचा घ्यायचा आणि त्यात हजर माणसांचे व्यक्ती-महिने घालायचे.

शून्याचाही असाच घोळ आहे. एखाद्या उपकेंद्राने एका आठवड्यात शून्य रुग्ण कळवले तर ती ओळ ठेवलीच पाहिजे, कारण तितक्या माणसांच्या तितक्या काळात काहीही झाले नाही ही माहिती आहे. अहवालच आला नसेल तर मात्र त्या आठवड्याचा व्यक्ती-काळ छेदातून वगळला पाहिजे. बऱ्याच तक्त्यांत दोन्ही रकाने सारखेच कोरे दिसतात. परीक्षा सोपी आहे: सुट्ट्यांच्या आणि संपाच्या आठवड्यांत सगळ्या आजारांचे आकडे एकदम खाली आले असतील, तर आजार नव्हे, अहवाल कमी झाले आहेत.

तिसरी गोष्ट सांगताना मला त्रास होतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आले. पाहणीतल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे दर सहा जणींमागे एकीची. शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखही गेले असेल तर तिथला कर्करोग त्या बाईला होऊ शकत नाही. ती छेदात राहिली तर दर खोटा कमी दिसतो. सहातली एक वगळली की खरा दर १.२ पट निघतो. अशा तालुक्याची तुलना ऊसतोड नसलेल्या तालुक्याशी केली तर ज्या बायकांचे सर्वांत जास्त नुकसान झाले, त्याच कागदावर सर्वांत सुरक्षित ठरतात. उस्मानाबादच्या चाचणीत गर्भाशय काढलेल्या बायकांना सुरुवातीलाच वगळले होते. त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा याचे हेही एक कारण आहे.

छेदाची माहिती गावात असतेच. कोणती घरे बंद आहेत, कोण कधी गेले, कोण कधी परतले, हे आशा ताईंना आणि नर्सबाईंना तोंडपाठ असते. मासिक अहवालात ‘या महिन्यात गावात हजर माणसे’ असा एक रकाना वाढवावा आणि शून्य व ‘अहवाल नाही’ यांना वेगळी खूण द्यावी. तीस वयावरच्या बायकांच्या यादीत पिशवी काढल्याची नोंद ठेवावी. एवढे केले तर जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला वरची एक ओळ दर महिन्याला चालवता येईल. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची घरे बंद होण्याआधी, या दिवाळीपूर्वीच, तो रकाना छापून गावोगाव पोचवा.