ज्वारी मागे का पडली?

सॅक्सनीचे सांख्यिकीतज्ज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च अभ्यासले. मिळकत वाढते तसा खर्चातला अन्नाचा वाटा कमी होतो, असं त्यांना दिसलं. पण वाटा घटला म्हणजे खरेदी घटली असं नाही. समजा, महिना दहा हजार खर्चणारं घर सहा हजार अन्नावर घालवतं आणि वीस हजार खर्चू लागल्यावर नऊ हजार. वाटा साठ टक्क्यांवरून पंचेचाळीसवर आला, तरी अन्नावरचा खर्च वाढलाच. एकूण अन्न ही सामान्य वस्तूच राहिली.

मिळकत वाढल्यावर एखादी वस्तू खरोखरच कमी घेतली जाते, हे दुसऱ्याच वाटेने स्पष्ट झालं. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९५ मध्ये, रॉबर्ट गिफेन यांचा हवाला देऊन लिहिलं की पाव महागला तर गरीब घरं मांस सोडतात आणि पावच जास्त खातात. याची उकल आधी स्लुत्स्की (१९१५) आणि मग हिक्स व अ‍ॅलन (१९३४) यांनी केली. भाव वाढला की माणूस स्वस्त पर्यायाकडे वळतो. शिवाय त्याच पैशात कमी मिळत असल्याने तो गरीबही होतो. गरीब झाल्यावर जी वस्तू जास्त लागते, ती हाती पैसा आल्यावर मागे पडते. तीच कनिष्ठ वस्तू.

आपल्याकडची ज्वारी घ्या. समजा, पाच माणसांच्या घराला महिन्याला पन्नास किलो धान्य लागतं: चाळीस किलो ज्वारी, दहा किलो गहू. पैसा वाढला तरी पोट वाढत नाही. गहू पंचवीस किलो येऊ लागला की ज्वारीला पंधरा किलोंची जागा सोडावी लागते. डाळ, दूध, तेल वाढलं की आणखी थोडी. त्यात कष्टांचाही भाग आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते आणि थापताना भाकरी चिरते. कणीक मळून ठेवता येते, भाकरीचं पीठ मात्र थापण्याच्या वेळीच मळावं लागतं. घरातली बाई कामावर जाऊ लागली की हा वेळ महाग पडतो. धान्यात काही खोट असते म्हणून ते मागे पडतं, हे मला मुळीच पटत नाही.

मात्र घटलेली सगळी ज्वारी मिळकतीच्या खात्यावर मांडणं चूक आहे. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळाले, हा भावाचा परिणाम. दोन्ही वेगळे करायचे तर एकाच गावातली, एकाच हंगामातली, सारखाच भाव देणारी पण वेगवेगळ्या मिळकतीची घरं शेजारी ठेवून पाहावी लागतात. तेव्हाही एक अडचण उरते. मधल्या मिळकतीला कमी झालेली ज्वारी शहरातल्या सुखवस्तू घरात मधुमेहाच्या धास्तीने पुन्हा वाढू शकते, आणि सगळ्या घरांची एकच सरासरी काढली तर हे दोन्ही बदल एकमेकांत विरून जातात.