विकाऊ कृतज्ञता आणि तिचे विडंबन

इन्स्टाग्रामवर छायाचित्राखाली जो मजकूर लिहितात त्यास कॅप्शन म्हणतात, व तो लिहून वस्तू खपविणाऱ्यास इन्फ्लुएन्सर. या कॅप्शनांची विडंबनेही आता आवडीने वाचली जातात. ती वाचून हसणे न्याय्य आहे काय, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

पनवेलजवळचेच एक उदाहरण रचून पाहू. पावसाळ्यात कर्नाळ्याचा सुळका ढगांत बुडाला आहे. समोर पाठमोरी तरुणी. खाली मजकूर : “या डोंगराने मला थांबायला शिकविले. मन कृतज्ञतेने भरून आले आहे. आणि ही शांती टिकविते माझे लाडके केशतेल. सवलतीसाठी माझा कोड वापरा.” सारा व्यापार त्या निरुपद्रवी ‘आणि’मध्ये आहे. डोंगराने दिलेले श्रेय त्या अव्ययावरून घसरून तेलाच्या बाटलीत उतरते.

नवशिका विडंबनकार अशा वेळी विशेषणे वाढवितो, आणि तेथेच फसतो. कारण मुळातच अतिशयोक्तीला जागा उरलेली नसते, व थट्टा कोणती आणि अस्सल कोणते हे वाचकास कळेनासे होते. जाणता विडंबनकार सूर तसाच ठेवून प्रसंग तेवढा बदलतो : “पनवेलहून सुटणारी लोकल डोळ्यांदेखत निघून गेली. या फलाटाने मला थांबायला शिकविले. मन कृतज्ञतेने भरून आले आहे. आणि ही शांती टिकविते माझे लाडके केशतेल.” शब्द जवळजवळ तेच, पण सांधा उघडा पडला.

अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’मध्ये समकालीन कवींची थट्टा केली, ती शैलीची होती. कवी फार तर कृत्रिम असेल. त्याच्या चंद्राखाली कोणी तेल विकीत नव्हते. येथे प्रश्न अभिरुचीचा नाही, नीतीचा आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली व ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ साली सांगितले की, मोबदला घेतला असल्यास ते ठळकपणे कळवावे. त्याने फसवणूक टळते, हे खरे. परंतु ‘जाहिरात’ ही खूण लावल्यानंतरही कृतज्ञता भाड्याने दिलेलीच राहते, आणि त्यावर कायद्याला काही म्हणावयाचे नसते. ते म्हणण्याचे काम विडंबनाचे.

मात्र त्याच कर्नाळ्यापुढे कोणी बाटलीवाचून उभी राहिली व भाबडेपणाने “किती सुंदर!” असे लिहून गेली, तर तिची टर उडविणे हा निव्वळ दुष्टपणा होय. तसेच, जिला मोबदला म्हणून तेलाची एक बाटलीच मिळाली तिला सोडून, तिच्या तोंडी ते वाक्य घालणाऱ्या कंपनीकडे बोट वळविणारे विडंबन आम्हांस क्वचितच आढळते. उलट कंपन्याच आता विडंबनकारांस पैसे देऊ लागल्या आहेत. वाचक लोकलवर पोटभर हसतो, आणि खाली सवलतीचा कोड असतो. या वेळी तो खरा असतो.