छेद सोडवलात, अंश गाळलात

पेनं खाली ठेवा आणि इकडे बघा. डीसी मोटरच्या वेगनियंत्रणाचे तुमचे रिपोर्ट मी वाचले. शब्दांचा थोडाफार फरक सोडला तर प्रत्येकात तेच एक वाक्य आहे: ‘ओव्हरशूट अपेक्षेपेक्षा जास्त आला, कारण बेअरिंगमधलं घर्षण आणि टॅकोमीटरचा नॉइज.’ हे वाक्य तुमच्यापैकी एकानंही तपासलेलं नाही. चालत्या मोटरमध्ये घर्षण वाढलं तर डॅम्पिंग वाढतं आणि ओव्हरशूट कमी होतो. नॉइज असता तर आकडा दर वेळी बदलला असता. तुम्हाला प्रत्येक वेळी १५ टक्क्यांच्या आसपासच मिळाला आहे. जो आकडा पुन्हा पुन्हा तोच येतो, त्याला ठाम कारण असतं आणि ते शोधणं हेच या प्रयोगाचं काम होतं. बिचाऱ्या बेअरिंगवर खापर फोडून तुम्ही मोकळे झालात.

आता तुमचंच गणित फळ्यावर घेऊ. सोयीची एककं धरून मोटरचं ट्रान्सफर फंक्शन 1/(s + 2) होतं. पीआय कंट्रोलरमध्ये Kp = 4 आणि Ki = 25 घेतलेत. लूप बंद केल्यावर मिळतं ते असं:

T(s) = (4s + 25) / (s² + 6s + 25)

तुम्ही छेद उचललात. त्याची मुळं, म्हणजे पोल, -3 ± j4. त्यावरून ωn = 5 आणि ζ = 0.6. मग पुस्तकातल्या सूत्रात ζ घातलात आणि ओव्हरशूट ९.५ टक्के काढलात. यातली एकही आकडेमोड चुकलेली नाही. चूक त्याच्या आधीच झाली आहे. ते सूत्र ज्या पानावर सिद्ध केलं आहे, तिथे अंशात फक्त ωn² आहे, s नाही. तुमच्या अंशात 4s ढळढळीत दिसतो आहे. सूत्राची अट न वाचता सूत्र वापरलंत, ही पहिली गोष्ट मला अक्षम्य वाटते.

पोल काय ठरवतात ते नीट ऐका. वास्तव भाग -3 आहे, म्हणून चूक e^(-3t) या वेगानं विरते. काल्पनिक भाग 4 आहे, म्हणून झोका सेकंदाला 4 रेडियन या गतीनं होतो. पोल जितके डावीकडे, तितकं विरणं लवकर. वास्तव अक्षापासून जितके दूर, तितका झोका जलद. पोलची सत्ता इथे संपते. प्रतिसादात e^(-3t)·cos 4t आणि e^(-3t)·sin 4t हे दोनच घटक असतील एवढं ते सांगतात. कोणता घटक किती मिसळायचा, हे अंश सांगतो. आणि ओव्हरशूट त्या मिसळीवर ठरतो.

तुमच्या अंशाचं मूळ, म्हणजे झिरो, -25/4 = -6.25 इथे आहे. तो काय करतो हे बघायला अंशाचे दोन तुकडे करा. नुसता 25 घेतला तर पुस्तकातला शुद्ध प्रतिसाद मिळतो. त्याला y₀ म्हणू. उरलेला 4s म्हणजे त्याच प्रतिसादाचं डेरिव्हेटिव्ह, 4/25 पटीनं. म्हणून

y(t) = y₀(t) + 0.16·y₀′(t)

0.16 हा 6.25 चा व्यस्त आहे. y₀ चढत असतो तोवर त्याचा चढ धन असतो आणि तो वरून मिळवला जातो. ०.१ सेकंदाला शुद्ध प्रतिसाद जेमतेम १० टक्क्यांवर असतो, तुमचा ३९ टक्क्यांवर पोचलेला असतो. शुद्ध प्रतिसादाचं शिखर ०.७९ सेकंदाला येतं, तुमचं ०.५६ सेकंदालाच आलं आणि ओव्हरशूट ९.५ ऐवजी १५.२ टक्के झाला. तुमच्या मोटरनं गणिताची आज्ञा तंतोतंत पाळली आहे. गणित अर्धवट वाचलं ते तुम्ही.

झिरो जितका मूळबिंदूजवळ, तितका हा मिळवलेला वाटा मोठा. पोल तिथेच, -3 ± j4 वर, ठेवा आणि फक्त झिरो हलवा. झिरो -15 ला असेल तर ओव्हरशूट १०.२ टक्के, म्हणजे सूत्राच्या जवळपासच. -6.25 ला १५.२ टक्के. -3 ला आणलात तर तब्बल ४१ टक्के. ζ तिन्ही वेळा 0.6 आहे. म्हणून झिरोचं मूळबिंदूपासूनचं अंतर पोलच्या वास्तव भागाच्या निदान पाचपट असेल, तरच सूत्रावर भिस्त ठेवा. तुमच्या बाबतीत ते दुपटीच्या किंचितच पुढे होतं.

हे कळायला गणितही लागत नव्हतं, आलेखाची सुरुवात पाहिली असती तरी पुरे होतं. अंशात s नसलेली दुसऱ्या ऑर्डरची सिस्टीम शून्यातून आडवी सुटते, तिचा पहिला चढ शून्य असतो. तुमच्या प्रत्येक आलेखात रेघ पहिल्या क्षणापासून तिरपी उठली आहे आणि तो चढ सेकंदाला 4, म्हणजे बरोबर Kp एवढा आहे. झिरो तिथेच उघड दिसत होता. तुमची नजर मात्र थेट शिखरावर गेली.

काही जणांनी त्याहून वाईट केलं. मोजलेल्या १५.२ टक्क्यांवरून सूत्र उलटं फिरवलं, ζ = 0.51 काढला, शिखराच्या वेळेवरून उरलेलं ठरवलं आणि पोल -3.35 ± j5.58 वर आहेत असं लिहून टाकलं. असे पोल या सिस्टीममध्ये नाहीतच. त्याच आलेखातून खरे पोल काढता येतात. शून्यापासून शिखरापर्यंतचा वेळ झिरो बदलतो, पण शिखरापासून पुढच्या खळग्यापर्यंतचा वेळ त्याला बदलता येत नाही. तो π/4, म्हणजे ०.७८५ सेकंदच राहतो. खळग्याची खोली भागिले शिखराची उंची, हे गुणोत्तरही 0.095 च राहतं. तुमचा खळगा अंतिम वेगाच्या १.४ टक्के खाली आहे. तो लहान आहे, म्हणून अनेक वेळा चालवून सरासरी घ्या. इथे नॉइज खरोखर आडवा येतो, आणि नेमका इथे त्याचा उल्लेख एकाही रिपोर्टात नाही.

आता तुमचा उपाय. ‘डॅम्पिंग वाढवण्यासाठी Kp = 10 केला.’ छेद झाला s² + 12s + 25, ζ = 1.2, पोल -2.68 आणि -9.32, दोन्ही वास्तव. तुम्ही लिहिलंत की आता ओव्हरशूट असूच शकत नाही. आलेखात १.७ टक्के ओव्हरशूट आहे आणि त्यामागे सावकाश खाली येणारी लांब शेपटी आहे. ती तुम्ही ‘ऑफसेट’ म्हणून झटकून टाकलीत. Kp वाढवताना झिरोही सरकला, -25/10 = -2.5 वर आला, म्हणजे दोन्ही पोलच्या उजवीकडे. तिथे बसलेला झिरो वास्तव पोल असतानाही प्रतिसाद अंतिम किमतीच्या वर नेतो. पीआयमध्ये Kp एकटा पोल हलवत नाही, झिरोलाही सोबत ओढतो. एक नॉब फिरवून दोन गोष्टी हलतात, हे ज्याला दिसत नाही त्यानं ट्यूनिंगला हात लावू नये.

योग्य उपाय सोपा आहे. Kp चुकीवर लावण्याऐवजी थेट मोजलेल्या वेगावर, ऋण चिन्हानं, लावा. चुकीवर फक्त इंटिग्रल ठेवा. छेद तोच राहतो, s² + 6s + 25, पण अंशात फक्त 25 उरतो. झिरो गेला, ओव्हरशूट ९.५ टक्क्यांवर आला. किंमत म्हणून सुरुवातीचा चढ मंदावतो, ते मान्य करूनच निवड करा. मोटरवर अचानक लोड आला तर दोन्ही रचनांचा प्रतिसाद अगदी सारखा असतो, s/(s² + 6s + 25). या फंक्शनचा झिरो मूळबिंदूवर आहे आणि त्याचमुळे लोडचा परिणाम शेवटी पूर्ण पुसला जातो. तेच पोल, दुसरा झिरो, वेगळंच वागणं. ‘सिस्टीमचे पोल कळले म्हणजे सिस्टीम कळली’ हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही.

झिरो उजव्या अर्ध्या प्रतलात असेल तर हीच बेपर्वाई महाग पडते. तेच पोल ठेवून झिरो +6.25 वर न्या. आता डेरिव्हेटिव्ह मिळवण्याऐवजी वजा होतं. प्रतिसाद आधी उलट दिशेला १८.७ टक्के जातो आणि मग वर वळतो. बूस्ट कन्व्हर्टरमध्ये हे रोज घडतं. ड्यूटी वाढवली की स्विच जास्त वेळ चालू राहतो, डायोडमधून आउटपुटला करंट जायला कमी वेळ उरतो, आणि इंडक्टरचा करंट वाढेपर्यंत आउटपुट व्होल्टेज आधी खाली बसतं. ते बसलेलं पाहून घाईनं ड्यूटी आणखी वाढवणारा कंट्रोलर स्वतःच्या हातानं लूप अस्थिर करतो. हा झिरो अस्थिर पोलनं खोडून टाकण्याचा विचारही करू नका. कागदावर तो खोडला जाईल, आतला सिग्नल मात्र वाढतच राहील.

आता काय करायचं ते लिहून घ्या. प्रत्येकानं हे आपल्या हातानं टाइप करायचं:

```
step(tf([4 25],[1 6 25]), tf(25,[1 6 25]))
```

दोन्ही रेघा एकाच चित्रात आल्या की त्यावर मोजलेला आलेख चढवा. मोजताना स्टेप लहान ठेवा. तुमचा पीआय पहिल्या क्षणी जितकं व्होल्टेज मागतो, ते स्थिर वेगाला लागणाऱ्या व्होल्टेजच्या दुप्पट आहे. ड्रायव्हरची मर्यादा त्याआधी लागली तर यातलं एकही गणित लागू होणार नाही, आणि ती लागली का हे ड्रायव्हरच्या आउटपुटवर स्कोप लावून दाखवायचं. नंतर Kp मोजलेल्या वेगावर हलवून प्रयोग पुन्हा करा. रिपोर्टात s-प्रतलाच्या चित्रात पोलसाठी फुली आणि झिरोसाठी गोल, दोन्ही हवेत. फक्त फुल्या असलेला रिपोर्ट मी न वाचता परत देईन.

उद्या तुमच्यातलाच कुणी लिफ्टचा किंवा क्रेनचा ड्राइव्ह ट्यून करेल. तिथे ९ टक्के समजून १५ टक्के सोडलेत तर त्याचा धक्का दोराला आणि आतल्या माणसाला बसतो. म्हणून रागावतो आहे. ज्यांचे रिपोर्ट टेबलावर आहेत त्यांनी ते घ्या आणि लॅबमध्ये चला, मोटर चालू आहे.