सरासरी काढलीस, पण कशाची?

उभा राहा. वही घेऊन पुढे ये, आणि खाली मान घालून हसणाऱ्यांनीही कान इकडे द्यावेत, कारण निम्म्या वर्गाने हीच चूक केली आहे.

गणित काय होतं? क्रेडिट कार्डाचं बिलचक्र ११ जून ते १० जुलै. मे महिन्याच्या बिलाची किमान रक्कम तेवढी भरून बाकी पुढे ढकललेली, त्यामुळे सुरुवातीलाच ४०,००० रुपये थकलेले. १४ जूनला १६,००० रुपयांचा फ्रिज घेतला. २९ जूनला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी, २६,००० रुपये भरले. व्याज सरासरी दैनिक बाकीवर, दरमहा साडेतीन टक्के. तू काय केलंस? ४०,०००, ५६,००० आणि ३०,००० या तीन रकमांची बेरीज करून तिला तीनने भागलंस. आले ४२,०००, व्याज १,४७०. आणि खाली दोन रेघा ओढून मोकळा झालास!

अरे, 'दैनिक' हा शब्द प्रश्नात शोभेला घातला होता का? मेसमध्ये तीन दिवस जेवलेला आणि पंधरा दिवस जेवलेला सारखेच पैसे देतात का? मग ४०,००० किती दिवस बाकी होते आणि ५६,००० किती दिवस, हे मोजायचं कुणी?

फळ्याकडे बघ. ११ ते १३ जून, बाकी ४०,०००. दिवस तीन; दोन नाहीत, दोन्ही टोकं धरायची. गुणाकार १,२०,०००. फ्रिजचे पैसे १४ तारखेला चढले, म्हणजे १४ पासूनच बाकी ५६,०००, आणि ती २८ जूनपर्यंत. दिवस पंधरा, गुणाकार ८,४०,०००. भरणा २९ ला जमा झाला, त्या दिवसापासून बाकी ३०,०००. जूनचे दोन आणि जुलैचे दहा मिळून बारा दिवस, गुणाकार ३,६०,०००. पुढे जायच्या आधी दिवसांची बेरीज कर: तीन, पंधरा, बारा. तीस झाले पाहिजेत. मागच्या बाकावरच्या एकाचे एकतीस झालेत, म्हणजे त्याने १४ तारीख दोनदा धरली आहे. एवढी साधी पडताळणी करायलाही तुम्हाला वेळ नाही.

एकूण १३,२०,०००, भागिले ३०, सरासरी दैनिक बाकी ४४,०००. साडेतीन टक्क्यांनी व्याज १,५४०. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २७७ रुपये २० पैसे. दर वार्षिक ४२ टक्के असा दिला आणि वर्षाचे दिवस ३६५ धरले, तर तीस दिवसांचं व्याज १,५१८ रुपये ९० पैसे येतं. तेव्हा कार्डाच्या अटींत दर महिन्याचा दिलाय की वर्षाचा, ते आधी वाचायचं, मग पेन उचलायचं.

'सर, सत्तरच रुपयांचा फरक आहे,' कोण पुटपुटलं? फरक लहान आला तो या आकड्यांच्या कृपेने, तुमच्या अकलेने नव्हे. तेच २६,००० रुपये २९ ऐवजी १४ जूनला, फ्रिज घेतला त्याच दिवशी भरले असते तर? तीन दिवस ४०,००० आणि पुढचे सत्तावीस दिवस ३०,०००. बेरीज ९,३०,०००, सरासरी ३१,०००, व्याज १,०८५. खरेदी तीच, भरणा तोच, चक्राच्या शेवटची बाकीही तीच ३०,०००, आणि व्याजात ४५५ रुपयांचा फरक. पैसे बँकेत पडून असताना 'मुदत तीस तारखेची आहे' म्हणत थांबलेल्या माणसाला रोजचे तीस रुपये पडले. मुदत पाळली की विलंब शुल्क टळतं. थकलेल्या बाकीवर रोज चढणारं व्याज त्याने थांबत नाही.

आणखी एकीने फ्रिजचे १६,००० हिशेबात धरलेच नाहीत. का, तर 'नव्या खरेदीला व्याजमुक्त दिवस मिळतात'. मिळतात, पण आधीचं बिल पूर्ण भरलेलं असेल तर! जुनी बाकी पुढे ओढली की ती सवलत गेली. नवी खरेदी पहिल्या दिवसापासून व्याजात येते. आणि भरणा धरायचा तो खात्यात जमा झाल्या तारखेपासून. चेक पेटीत टाकला ती तारीख बँक विचारत नाही.

आता बस, आणि तेच गणित पुन्हा कर. १ जुलैला फ्रिजच्या दुकानाने ३,००० रुपये परत केले आणि ते त्याच दिवशी कार्डावर जमा झाले असं धर. सरासरी ४३,००० यायला हवी. उत्तर सांगून टाकलंय, कारण मला उत्तर नकोच आहे. किती दिवस धरलेस, ते बघायचं आहे.